शून्य उरणारा कर

जीएसटीत एक कर असा आहे, जो खरेदीदारच सरकारला भरतो आणि बहुतेक वेळा त्याच विवरणपत्रात परत मागून घेतो. एका रकान्यात देणं, दुसऱ्या रकान्यात तेवढंच क्रेडिट, बेरीज शून्य. म्हणूनच अनेक छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत या दोन्ही नोंदी मुळात होतच नाहीत. ‘शेवटी शून्यच, मग लिहायचं कशाला?’ असा सरळ हिशेब असतो. मग दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षणात खर्चाच्या खात्यातलं गोडाऊनचं भाडं किंवा खरेदीच्या खात्यातलं भंगार वर येतं आणि कळतं, की रक्कम शून्य असली तरी तारखा शून्य नव्हत्या. व्याज तारखांवर लागतं.

हा कर म्हणजे रिव्हर्स चार्ज. नेहमीच्या व्यवहारात विकणारा बिलात कर लावतो, तुमच्याकडून घेतो आणि सरकारला भरतो. रिव्हर्स चार्जमध्ये विकणारा कर लावत नाही, विकत घेणारा तो स्वतःच्या नावावर भरतो. विकणाऱ्याकडे जीएसटी नंबरच नसेल, तर या व्यवहाराचा कागद तयार करणं, देणं उभं करणं आणि ते वेळेत भरणं ही तिन्ही कामं खरेदीदारावर येतात.

कोणती खरेदी यात येते?

आधी एक जुना गैरसमज दूर करायला हवा. १ जुलै २०१७ला जीएसटी सुरू झाला तेव्हा नियम फार व्यापक होता. नोंदणी नसलेल्या कोणाकडूनही काहीही घेतलं तरी रिव्हर्स चार्ज लागे. सूट होती ती दिवसाला एकूण ५,००० रुपयांपर्यंतच्या खरेदीला. चहावाला, सुतार, झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या चिठ्ठ्या जमवून रोजची बेरीज करायची वेळ आली. या जाचाविरुद्ध ओरड झाली आणि १३ ऑक्टोबर २०१७पासून ही तरतूद स्थगित झाली. पुढे कायदाच बदलला. १ फेब्रुवारी २०१९पासून कलम ९(४) फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या वर्गाला लागू होतं आणि आज त्यात मुख्यतः बांधकाम प्रवर्तक येतात. तरीही ‘पाच हजारांपर्यंत चालतं’ हे वाक्य बाजारात अजून ऐकू येतं. सर्वसाधारण व्यापाऱ्यासाठी त्याला आता काही अर्थ नाही.

आज बहुतेकांना लागू पडतं ते कलम ९(३). त्यात ठरावीक वस्तू आणि सेवांची यादी आहे. यादीतली खरेदी असेल तर पहिल्या रुपयापासून कर लागतो, पाच हजारांची सूट इथे कधीच नव्हती. आणि यादीत नसेल, तर नोंदणी नसलेल्या सुताराकडून लाखाचं फर्निचर घेतलं तरी रिव्हर्स चार्ज लागत नाही. यादीतल्या काही गोष्टी आपल्याकडे अगदी घरच्या आहेत. विदर्भातल्या जिनिंगने शेतकऱ्याकडून घेतलेला कापूस, सिंधुदुर्ग-गोव्यातल्या कारखान्याने बागायतदाराकडून घेतलेली न सोललेली काजू बी, नोंदणी नसलेल्या ट्रान्सपोर्ट एजन्सीचं भाडं, वकिलाची फी. १० ऑक्टोबर २०२४पासून त्यात दोन मोठ्या गोष्टींची भर पडली. एक, नोंदणी नसलेल्याकडून घेतलेलं धातूचं भंगार. दुसरी, नोंदणी नसलेल्या मालकाकडून भाड्याने घेतलेलं दुकान, गोडाऊन, ऑफिस. दोन्हींवर दर १८ टक्के. एक वस्तू आहे आणि दुसरी सेवा, त्यामुळे तारखांचे नियम दोन्हींत वेगळे आहेत. या दोन उदाहरणांतून सगळा विषय उलगडतो.

एका फाउंड्रीचा ट्रक

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत बीड ओतणारी एक फाउंड्री आहे असं धरू. भट्टीला भंगार लागतं आणि काही भंगार गावोगाव फिरून माल गोळा करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांकडून येतं. वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे अशा व्यापाऱ्याकडे नंबर नसणं यात बेकायदा काही नाही.

व्यवहार असा ठरतो: पाच टन भंगार, ३६ रुपये किलो, एकूण १,८०,००० रुपये. व्यापारी म्हणतो, माल गोळा करायला उचल द्या. फाउंड्री २८ जूनला बँकेतून ५०,००० रुपये पाठवते. ट्रक ४ जुलैला गेटवर येतो, वजनकाट्यावर पाच टन भरतो. उरलेले १,३०,००० रुपये २० जुलैला दिले जातात. एकूण कर १८ टक्क्यांनी ३२,४०० रुपये: निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, म्हणजे १६,२००-१६,२००.

आता खरा प्रश्न: हा कर कोणत्या महिन्याचा?

वस्तूंसाठी कलम १२(३) तीन तारखा सांगतं आणि त्यांतली सर्वांत आधीची धरायला लावतं. पहिली, माल मिळाल्याची तारीख. दुसरी, पैसे दिल्याची तारीख, आणि तीही पुस्तकात लिहिल्याची किंवा बँकेतून गेल्याची यांतली आधीची. तिसरी, विकणाऱ्याने दिलेल्या बिलाच्या किंवा बिलाऐवजी दिलेल्या कागदाच्या तारखेपासून तीस दिवस उलटल्यानंतरचा दिवस. बिल आधी आलं आणि माल-पैसे दोन्ही रेंगाळले, तरी कर अनिश्चित काळ लांबू नये यासाठी ही तिसरी तारीख आहे.

आपल्या उदाहरणात उचल जूनमध्ये गेली. त्यामुळे ५०,००० रुपयांपुरता कर जूनचा: ९,००० रुपये. उरलेल्या १,३०,००० रुपयांवरचे २३,४०० रुपये माल मिळाला त्या जुलैचे. पैसे २० जुलैऐवजी सप्टेंबरमध्ये दिले असते तरी फरक पडला नसता, कारण माल आधी आला.

अनेक हिशेबनीस इथेच अडकतात. विक्रेता म्हणून मालासाठी आगाऊ रक्कम घेतली तर तिच्यावर लगेच कर भरावा लागत नाही, ही सवलत २०१७च्या अखेरीपासून आहे. ती डोक्यात असल्यामुळे दिलेल्या उचलीवरही कर नसेल असं वाटतं. पण ती सवलत विकणाऱ्याच्या बाजूची आहे. रिव्हर्स चार्जमध्ये दिलेली उचल कर जागा करते.

देणं जूनचं, क्रेडिट जुलैचं

जूनच्या ९,००० रुपयांत आणखी एक मेख आहे. भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं तर माल हातात आलेला असला पाहिजे, अशी कलम १६ची अट आहे. २८ जूनला ट्रक निघालेलाही नव्हता. म्हणून जूनच्या जीएसटीआर-३बीमध्ये देणं ९,००० दाखवायचं, पण क्रेडिट दाखवायचं नाही. जुलैच्या विवरणपत्रात देणं २३,४०० आणि क्रेडिट पूर्ण ३२,४००. एकूण बेरीज शून्यच, पण ती दोन महिने मिळून शून्य होते.

पुस्तकात हे नीट उतरवायचं तर एक मधलं खातं उघडावं लागतं. त्याला ‘रिव्हर्स चार्ज: क्रेडिट येणे’ म्हणू. नोंदी पुढीलप्रमाणे होतात.

२८ जूनला उचल दिली: व्यापाऱ्याचं खातं नावे ५०,०००, बँक जमा ५०,०००. याच दिवशी पेमेंट व्हाउचर बनवायचं. रिव्हर्स चार्जचं पेमेंट करताना ते कायद्याने बंधनकारक आहे.

३० जूनला देणं उभं केलं: ‘क्रेडिट येणे’ नावे ९,०००, ‘रिव्हर्स चार्ज देणे: केंद्र’ जमा ४,५००, ‘रिव्हर्स चार्ज देणे: राज्य’ जमा ४,५००.

४ जुलैला माल आला: भंगार खरेदी नावे १,८०,०००, व्यापाऱ्याचं खातं जमा १,८०,०००. सोबत ‘क्रेडिट येणे’ नावे २३,४००, दोन्ही ‘देणे’ खाती जमा ११,७००-११,७००.

२० जुलैच्या आत जूनचं विवरणपत्र भरताना: दोन्ही ‘देणे’ खाती मिळून नावे ९,०००, इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर जमा ९,०००. त्याआधी चलनाने कॅश लेजरमध्ये पैसे टाकले, ती बँकेची वेगळी नोंद.

३१ जुलैला: केंद्र आणि राज्य इनपुट क्रेडिटची खाती नावे १६,२००-१६,२००, ‘क्रेडिट येणे’ जमा ३२,४००. आणि २० ऑगस्टच्या आत जुलैचं देणं २३,४०० कॅश लेजरमधून फेडलं.

या सगळ्यात व्यापाऱ्याच्या खात्याला कराचा एक रुपयाही लागलेला नाही. त्याला १,८०,००० देणं होतं, तेवढंच दिलं. सर्रास होणारी चूक अशी, की सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या खरेदीसारखी नोंद केली जाते आणि व्यापाऱ्याच्या नावावर २,१२,४०० जमा पडतात. मग वर्षअखेर त्याच्या खात्यात ३२,४०० रुपये देणं लोंबकळत राहतं, किंवा एखादा घाईत ते देऊनही टाकतो. नोंदणी नसलेल्या माणसाला कर गोळा करण्याचा अधिकारच नाही. ते पैसे सरकारला पोहोचत नाहीत आणि खरेदीदाराची जबाबदारी तशीच राहते.

बऱ्याच हिशेबाच्या प्रणाल्यांत रिव्हर्स चार्जची एकच नोंद केली की देणं आणि क्रेडिट दोन्ही एकाच तारखेला पडतात. माल आणि पैसे एकाच महिन्यातले असतील तर ठीक. उचलीच्या व्यवहारात मात्र ही सोय क्रेडिट एक महिना आधी उचलते. म्हणून महिनाअखेरीला दिलेल्या उचलींची यादी वेगळी काढून हाताने नोंद करणं बरं.

पैसे कोणत्या खिशातून?

जीएसटी पोर्टलवर प्रत्येक व्यापाऱ्याचे दोन खिसे असतात. कॅश लेजरमध्ये चलनाने भरलेला पैसा, क्रेडिट लेजरमध्ये खरेदीवर साठलेलं क्रेडिट. विक्रीवरचा कर क्रेडिटमधून फेडता येतो. रिव्हर्स चार्ज येत नाही. कारण कायद्याच्या व्याख्येत ‘आउटपुट टॅक्स’मधून रिव्हर्स चार्जचा कर वगळलेला आहे आणि क्रेडिट फक्त आउटपुट टॅक्ससाठी वापरता येतं. म्हणजे फाउंड्रीच्या क्रेडिट लेजरमध्ये पाच लाख पडून असले, तरी जूनच्या ९,०००साठी बँकेतून चलन भरावंच लागतं.

म्हणूनच पुस्तकात ‘रिव्हर्स चार्ज देणे’ हे खातं विक्रीवरच्या करापासून वेगळं ठेवायचं. दोन्ही एकत्र केली की महिनाअखेरीची वळतीची नोंद करताना सगळं देणं क्रेडिटमधून वजा होतं, पुस्तक म्हणतं भरायचं काही नाही आणि पोर्टल मात्र रोख मागतं.

रोख भरल्यावर तेच पैसे क्रेडिट म्हणून येतात आणि त्याच विवरणपत्रातल्या विक्रीवरच्या करात वापरता येतात. विक्रीवर पुरेसा कर असणाऱ्या फाउंड्रीला एका खिशातून दिलेलं दुसऱ्या खिशात मिळतं. ज्याच्याकडे आधीच क्रेडिट साठलंय, त्याचे मात्र आणखी पैसे अडकतात.

आणि काहींसाठी बेरीज शून्य होतच नाही. ५ टक्के दराने, क्रेडिट न घेता कर भरणाऱ्या रेस्टॉरंटने नोंदणी नसलेल्या मालकाची जागा भाड्याने घेतली असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर त्याने भरायचाच आणि क्रेडिट मिळत नाही. तिथे ‘क्रेडिट येणे’ खातं लागत नाही, कर थेट भाड्याच्या खर्चात जातो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यांची हीच अडचण होती. त्यांना १६ जानेवारी २०२५पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरच्या या तरतुदीतून वगळलं आहे. भंगारासाठी मात्र अशी सूट नाही.

सेल्फ इन्व्हॉइस

विकणाऱ्याकडे नंबर नाही, म्हणजे जीएसटीचं बिल नाही. ते खरेदीदाराने स्वतःच स्वतःसाठी बनवायचं. बाजारात याला सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं वर्णन आणि एचएसएन, इथे लोखंडी भंगाराचा ७२०४, वजन, किंमत, कराचा दर आणि रक्कम आणि कर रिव्हर्स चार्जखाली आहे हा उल्लेख असतो. या बिलांची क्रमांकमालिका विक्रीच्या बिलांपासून वेगळी ठेवावी. जीएसटीआर-१मध्ये दिलेल्या कागदपत्रांचा जो तक्ता १३ असतो, त्यात या मालिकेची पहिली-शेवटची संख्या भरायची असते. वर्षभर भंगार खरेदी आहे आणि तक्ता १३मधली ही ओळ कोरी आहे, तर तपासणाऱ्याला पहिला धागा तिथेच मिळतो.

हे बिल कधी बनवायचं याला आधी मुदत नव्हती. १ नोव्हेंबर २०२४पासून नियम ४७अ आला: माल किंवा सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत. आपल्या ट्रकसाठी ही मुदत ३ ऑगस्टला संपते.

इथे नीट पाहायला हवं. सेल्फ इन्व्हॉइस ३ ऑगस्टला बनवलं तर ते मुदतीत आहे. पण वस्तूंच्या तीन तारखांत सेल्फ इन्व्हॉइसची तारीख नाहीच. त्यामुळे कर जुलैचाच राहतो. उलट क्रेडिट घेण्यासाठी सेल्फ इन्व्हॉइस हाच कागद लागतो. ते ऑगस्टच्या तारखेचं असेल, तर क्रेडिट ऑगस्टच्या विवरणपत्रात सरकतं. देणं जुलैत, क्रेडिट ऑगस्टमध्ये, म्हणजे एक महिना पैसे विनाकारण अडकले. म्हणून मालाच्या बाबतीत वजनकाट्याची पावती हातात आली, की त्याच दिवशी सेल्फ इन्व्हॉइस बनवणं सोयीचं.

माल मिळाल्याची तारीखही पुस्तकाच्या मर्जीची नसते. ३१ जुलैच्या रात्री ट्रक आला आणि हिशेबनिसाने २ ऑगस्टला नोंद केली, तरी कर जुलैचाच. गेटचं रजिस्टर, काट्याची पावती सगळं तारीख सांगतं. शिवाय महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं. नोंदणी नसलेला विक्रेता ओळखीच्या नोंदणीकृत खरेदीदाराकडे माल पाठवतो, तेव्हा ते बनवण्याची जबाबदारी खरेदीदाराची धरली जाते. म्हणजे फाउंड्रीने स्वतः बनवलेलं ई-वे बिलच ट्रकची तारीख सरकारकडे ठेवून देतं.

गोडाऊनचं भाडं

आता त्याच फाउंड्रीने साचे आणि फरमे ठेवायला एका निवृत्त गृहस्थांचं गोडाऊन महिना ३०,००० रुपयांनी घेतलंय. मालकाकडे नंबर नाही. कर महिन्याला ५,४०० रुपये.

सेवेसाठी कलम १३(३) लागतं. त्यात ‘सेवा मिळाली ती तारीख’ हा निकष नाही. विकणाऱ्याने बिल द्यायचं असतं तिथे पेमेंटची तारीख किंवा बिलापासून साठ दिवस उलटल्यानंतरचा दिवस, यांतली आधीची धरतात. पण सेल्फ इन्व्हॉइस बनवायचं असतं तिथे १ नोव्हेंबर २०२४पासून नियम वेगळा आहे: पेमेंटची तारीख किंवा सेल्फ इन्व्हॉइसची तारीख, जी आधी येईल ती.

जुलैचं भाडं ५ ऑगस्टला दिलं जातं असं धरू. हिशेबनिसाने खर्च जुलैत दाखवण्यासाठी ३१ जुलैलाच सेल्फ इन्व्हॉइस काढलं, तर कर जुलैचा, २० ऑगस्टपर्यंत भरायचा. त्याने पेमेंटच्या दिवशी, ५ ऑगस्टला काढलं, तर कर ऑगस्टचा, २० सप्टेंबरपर्यंत. दोन्ही बरोबर आहे, कारण सेवा ३१ जुलैपर्यंत मिळाली आणि तीस दिवसांची मुदत ३० ऑगस्टला संपते. भाड्याचा खर्च जुलैच्या नफ्या-तोट्यात आणि त्यावरचा कर ऑगस्टच्या विवरणपत्रात, हेही चुकीचं नाही. फक्त वर्षभर एकच पद्धत पाळावी, नाहीतर मार्चअखेरीला अकरा किंवा तेरा महिन्यांचा कर दिसतो आणि खुलासे करत बसावं लागतं.

भाडं थकलं असेल तर? पूर्वी पेमेंट लांबलं की कर बराच लांबायचा. आता तीस दिवसांत सेल्फ इन्व्हॉइस बंधनकारक असल्याने ती पळवाट बंद झाली. मालकाला एक पैसा दिला नसला, तरी सेल्फ इन्व्हॉइस काढायचं आणि त्यावर कर भरायचा. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर मात्र कर नाही. ते भाड्यात वळतं केलं, तरच तेवढ्या रकमेवर लागतो.

मालकाचा दर्जा वर्षाच्या मध्येही बदलू शकतो. त्याने नंबर घेतला, की त्या तारखेपासून तो स्वतः बिलात कर लावणार आणि तुमचा रिव्हर्स चार्ज थांबणार. तो कंपोझिशनमध्ये असला तरी नोंदणीकृतच धरला जातो. त्यामुळे दर तिमाहीला पोर्टलवर मालकाची आणि भंगारवाल्यांची स्थिती पाहून त्याची छापील प्रत फाइलला लावावी. रिव्हर्स चार्ज का भरला किंवा का भरला नाही, याचा तोच पुरावा.

विवरणपत्र आणि पडताळणी

जीएसटीआर-३बीमध्ये देणं तक्ता 3.1(d)मध्ये जातं आणि त्याचं क्रेडिट तक्ता 4(A)(3)मध्ये. क्रेडिट घाईत 4(A)(5)मध्ये, म्हणजे ‘इतर सर्व’ या ओळीत भरलं जातं, ही फार दिसणारी चूक. रक्कम तीच असते, पण सरकार दोन ओळी जोडून पाहतं आणि त्या जुळत नाहीत.

ऑगस्ट २०२४पासून पोर्टलने यासाठी एक वेगळं विवरणच सुरू केलं आहे: RCM Liability/ITC Statement. सुरुवातीची शिल्लक, अधिक 3.1(d)मध्ये दाखवलेलं देणं, वजा रिव्हर्स चार्जचं घेतलेलं क्रेडिट, बरोबर अखेरची शिल्लक. शिल्लक उणे झाली, म्हणजे भरल्यापेक्षा जास्त क्रेडिट घेतलं, आणि पोर्टल इशारा देतं.

आपल्या फाउंड्रीचा ट्रक या विवरणात घालून पाहा. जूनअखेर शिल्लक ९,००० दिसेल. जुलैत अधिक २३,४००, वजा ३२,४००, शिल्लक शून्य. आणि पुस्तकातल्या ‘क्रेडिट येणे’ खात्याची जूनअखेरची शिल्लक किती? तीही ९,०००, जुलैअखेर शून्य. ते खातं वेगळं ठेवण्याचा हा फायदा. दर महिन्याला हे दोन आकडे शेजारी मांडले, की उचलीवरचा विसरलेला कर, दोनदा घेतलेलं क्रेडिट, चुकीच्या ओळीत गेलेली रक्कम हे सगळं वर्षअखेरीची वाट न पाहता सापडतं. क्रेडिटला अपात्र खरेदी असेल, तर दोन्हींत तेवढा फरक राहील आणि त्याचं कारण लिहून ठेवावं लागेल.

दोन्ही बाजू मुळातच राहून गेल्या असतील, तर हा ताळा ते सांगणार नाही, कारण शून्य शून्याशी जुळतंच. त्यासाठी खर्चाच्या बाजूने यावं लागतं. भाडं, मालवाहतूक, वकील फी आणि भंगार खरेदी ही चार खाती उघडायची, ज्या बिलांवर विक्रेत्याचा जीएसटी नंबर नाही ती वेगळी काढायची आणि त्यांची बेरीज सेल्फ इन्व्हॉइसच्या बेरजेशी लावायची.

राहून गेलेलं सापडलं तर

गेल्या वर्षीच्या भाड्यावरचा कर आज लक्षात आला, तर क्रेडिटचा हक्क बुडालाच असं नाही. २६ जून २०२४च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे. नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या खरेदीत क्रेडिटची मुदत मोजताना सेल्फ इन्व्हॉइस ज्या आर्थिक वर्षात काढलं, ते वर्ष धरायचं. म्हणजे आज सेल्फ इन्व्हॉइस काढून कर भरला, तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट घेता येतं. पण कर भरायची मूळ तारीख मागेच राहते आणि तिथपासून वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. उशिरा काढलेल्या सेल्फ इन्व्हॉइसबद्दल दंडही होऊ शकतो, असं परिपत्रकच सांगतं.

आकड्यांत पाहायचं तर फाउंड्रीने जुलैचे २३,४०० रुपये २० ऑगस्टऐवजी शंभर दिवसांनी भरले, तर व्याज होतं सुमारे १,१५४ रुपये. कराचं क्रेडिट मिळतं, व्याजाचं मिळत नाही. एका ट्रकचे हजार-बाराशे काही मोठे नाहीत. पण आठवड्याला एक ट्रक येणाऱ्या भट्टीत वर्षभर नोंद झाली नाही, तर पन्नासेक ट्रकांवर तोच हिशेब लागतो, आणि उशीर शंभर दिवसांऐवजी दोन वर्षांचा असतो. दोन वर्षांचं व्याज मूळ कराच्या ३६ टक्के होतं. या ट्रकच्या ३२,४०० रुपयांवर ते ११,६६४ रुपये, आणि ते क्रेडिटच्या कुठल्याच ओळीत परत मागता येत नाहीत.